चिठ्ठीवरचे अडीच मायक्रॉन

मोजमापात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायची. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जंतांची अंडी बघण्यात पंधरा वर्षं गेली होती माझी, मग काय!

नवा मायक्रोस्कोप आला तेव्हा जुन्याच्या नेत्रभिंगातली रेघांची काचेची चकती मीच काढून नव्यात बसवली. या चकतीच्या घरांना स्वतःचं माप नसतं. खरी मोजपट्टी म्हणजे स्लाइडवर कोरलेला एक मिलिमीटर, शंभर भागांचा. तिच्याशी ताडून बघितलं की कळतं, चकतीचं एक घर किती मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या किती हजारांशांचं. मायक्रोस्कोप बदलला, भिंग बदललं, की पुन्हा ताडायचं. पण ती स्लाइड महागाची, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, आमच्या सरांच्या कपाटात कुलूपबंद. हवी तर अर्ज द्या. कोण देतंय! जुन्या मायक्रोस्कोपवर चिठ्ठी होती, ‘चाळीसचं भिंग, एक घर अडीच मायक्रॉन’. ती सोलून मी नव्यावर चिकटवली.

पुढच्याच महिन्यात पैठणकडची एक बाई नवऱ्याचा नमुना घेऊन आली. नवरा धरणावर मासे धरणारा. दोन महिने जुलाब, अंगावर मांस उरलं नव्हतं म्हणे. अंडी दिसली, दोन्ही टोकांना बूच लावलेल्या पिंपासारखी. लांबी एकवीस घरं. गुणिले अडीच, साडेबावन्न. या मापाचं म्हणजे व्हिपवर्म, साधा जंत. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. "काय नाय होत, बरे होतील," मी वर तिला सांगितलं.

पाच आठवड्यांनी ती पुन्हा दारात. आता नवरा वॉर्डात होता, त्याला उठवतही नव्हतं. नवा नमुना सरांनी स्वतः बघितला.

"व्हिपवर्मच्या मानानं बुचं चपटी वाटतात. माप नीट घेतलं होतंत?"

मला असा राग आला! "सर, पंधरा वर्षं झाली मला."

सरांनी कपाट उघडून स्लाइड माझ्यासमोर ठेवली.

शून्याच्या रेघा जुळवल्या. मोजपट्टीची दहा घरं, म्हणजे शंभर मायक्रॉन, चकतीच्या चाळीस घरांत बसायला हवी होती. बसली पन्नासात. एक घर दोनच मायक्रॉनचं. एकवीस गुणिले दोन, बेचाळीस. व्हिपवर्मचं अंडं एवढं लहान नसतं. हा कॅपिलारिया, कच्च्या किंवा अर्धवट भाजलेल्या माशांतून येणारा, माणसाला वाळवून मारणारा. त्याला गोळ्या कित्येक दिवस द्याव्या लागतात, तीन नाही.

मी रिपोर्ट बदलून दिला. गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी तो गेला.

नवऱ्याचे कागद न्यायला ती आली तेव्हा मी मान वर केली नाही.

"ताई, लई दवाखाने हिंडलो," ती म्हणाली. "पण आजार सापडला तो तुमच्यामुळंच. देव तुमचं भलं करो."

सांगून टाकावं असं वाटलं, पण मेलं तोंडच उघडेना. तिनं हात जोडले. मीही जोडले.