लिंबाला केलेला आग्रह

आमच्या आजोबांच्या तावडीतून उपाशी सुटलेला माणूस अख्ख्या बडोद्यात शोधून सापडणार नाही. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस आमच्याकडून निघताना सुरळीच्या वड्या खाऊन, वर वाटीभर श्रीखंड संपवून, पट्टा एक भोक सैल करून निघतो. कुरिअरवाल्याला ते आधी ‘बेस, बेस’ म्हणून खुर्चीवर बसवतात आणि मग सही करतात. त्याआधी सही केली तर तो पळून जाईल, असा त्यांचा अनुभव आहे. पानावर बसलेल्या पाहुण्याने हात आडवा धरला, तर ते बोटांच्या फटीतून वाढतात. रेल्वेतली सगळी नोकरी बडोद्यात झाली आणि इथल्या अकोटा भागातलं हे घरही त्याच नोकरीत झालं, त्यामुळे त्यांच्या मराठीत गुजराती केव्हा मिसळली हे आता त्यांनाही सांगता येत नाही. गुजरातीत आग्रह करण्याला ‘ताण करवी’ म्हणतात. आमच्या घरात हाच शब्द चालतो. ‘आग्रह’ आम्ही फक्त लग्नपत्रिकेत वाचलेला.

मला या ताणाविरुद्ध बोलायचा अधिकार नाही. पुण्यातली नोकरी सोडून मी परत आले तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडावर ‘का?’ लिहिलेलं होतं. आजोबांनी काही विचारलं नाही. समोर शेव-उसळ ठेवली, वर शेव घातली, मी नको म्हटल्यावर आणखी घातली आणि म्हणाले, “खा तर खरी. नोकरीचं काय, होऊन जशे.” ते महिने मी त्यांच्या शेवेवर काढले असं म्हणायला हरकत नाही. आज शाळेत शिकवते आणि बरी शिकवते, त्यात त्या शेवेचा वाटा मोठा आहे.

तर अशा माणसाच्या हाती एक लिंबाचं रोप लागलं. वाघोडिया रस्त्यावरच्या नर्सरीतून आजीने ते आणलं होतं. घरच्या लिंबाचं लोणचं घालायचं तिच्या मनात होतं. रोप लावलं, आणि पुढच्याच वर्षी ती गेली. रोप मात्र वाढलं. माझ्या डोक्याच्या वर गेलं तरी आजोबा त्याला रोपच म्हणायचे, “लहान आहे अजून” म्हणून. त्याला पानं यायची, काटे तर विचारूच नका, बाबांचे दोन शर्ट त्याने फाडले. पण फूल म्हणून नाही. शेजारच्या रमीलाबेन ते काढून टाका म्हणून कुंपणावरून सांगायच्या, “दादा, आ लींबुडी नई फळे. काढी नाखो ने!” आजोबा त्यांनाच चहाला बोलवायचे.

शेवटी बाबांनी विषय काढला. फाटकाजवळ फरशी घालून गाडीसाठी पत्र्याची शेड करायची होती, आणि नेमकं त्याच जागी हे रोप. ते आजोबांना म्हणाले, “बाबा, होळीपर्यंत थांबतो. फुललं तर शेड दुसरीकडे. नाही तर काढायचं.”  त्या दिवशी आजोबांनी कुणालाही दुसरी पोळी वाढली नाही, यावरून त्यांना किती लागलं ते आम्ही ओळखलं.

आजीचा भाचा नगरकडे लिंबाची बाग करतो. आजोबांनी त्याला फोन लावला. तो वाऱ्यात उभा राहून ओरडला, “आतोबा, झाड वयात आलंय. आता त्याला चांगला ताण द्या! ताण दिल्याशिवाय लिंबू बहरत नाही!” फोन ठेवला तेव्हा आजोबांचा चेहरा उजळला होता. “हात्तिच्या! एवढंच? हे तर आपलं खातं.”

आणि त्यांनी ताण सुरू केला. सकाळी बादलीभर पाणी, दुपारी ताक, संध्याकाळी गुळाचं पाणी, मध्ये शेणकाला. “ले बेटा, थोडं अजून,” असं म्हणत ते बुंध्याशी ओतायचे. आमची माती काळी, एकदा प्यायलेलं पाणी लवकर सोडत नाही. आळ्यात चिखल साचला, त्यात बेडूक राहायला आला. पानं पिवळी पडून गळू लागली, शेंडे वाळले. आजोबांना वाटलं, ताण कमी पडतोय. त्यांनी बादली वाढवली.

डिसेंबरात तो भाचा सयाजीगंजात एका लग्नाला आला आणि आमच्याकडे डोकावला. रोप बघून त्याने कपाळाला हात लावला. “आतोबा, हे काय? ताण द्यायला सांगितलं होतं ना?”

“दिला की! रोज. बादल्या-बादल्या.”

“बादल्या? अहो, ताण म्हणजे पाणी तोडायचं! उपाशी ठेवायचं!”

आजोबा खुर्चीत बसले. एकाच शब्दात नगर आणि बडोदं इतकी लांब असतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. “उपाशी?” ते म्हणाले. “आपल्या दारात?”

भाच्याने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. थोडी माती उकरून मुळी हुंगली, ती कुजलेली नव्हती. बुंध्याशी चढवलेला चिखल त्याने ओढून काढला, वाळक्या काड्या छाटल्या, आळं खोडापासून दूर सरकवलं. मग जेवता जेवता समजावलं. सारखं पाणी मिळालं की झाड नुसतं पालवत राहतं. पाणी तोडलं की वाढ थांबते, पानं सुकतात, थोडी गळतातही, आणि झाडात अन्न साठतं. मग माती हलकी चाळून, शेणखत घालून, आधी थोडं, मग भरपूर पाणी द्यायचं. त्या पाण्यावर कळी येते. “पण घाई नको. काळ्या मातीला सुकायला वेळ लागतो. आणि मध्ये एक तांब्यादेखील नाही.”

ते दिवस आजोबांना फार जड गेले. ते अंगणात खुर्ची रोपाकडे पाठ करून टाकायचे. पानं दुमडायला लागली तेव्हा त्यांनी स्वतःचा दुपारचा चहा सोडला. आईने विचारलं तर म्हणाले, “ते तहानलेलं, आणि मी काय समोर बसून पिऊ?” मीटरवाला आला आणि नुसतं मीटर बघून गेला, तो फाटकापाशी थोडा वेळ थांबलाही होता, बिचारा. एकदा मी आजोबांना भरलेला तांब्या घेऊन पायरीवर उभं पाहिलं. उभे राहिले, उभे राहिले, आणि स्वतःच ते पाणी पिऊन आत आले.

उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर पतंग उडवत होतं आणि आजोबा खाली खुरप्याने माती चाळत होते. खत घातलं, थोडं पाणी दिलं. पुढच्या खेपेला भरपूर. मग चहा मागितला.

होळीच्या आधी एका सकाळी बाबाच आधी उठले होते. फाटकापाशी गेले आणि तिथूनच ओरडले, “बाबा, बाहेर या!” काट्यांच्या बगलेत जांभळट कळ्यांचे झुबके आले होते, काही उमलून पांढरे झाले होते. आजोबा बराच वेळ वाकून वास घेत राहिले. शेड मागच्या बाजूला झाली.

पावसाळ्यात लिंबं पिवळी झाली. पहिलं लिंबू आजीच्या फोटोपुढे, दुसऱ्याची पहिली फोड बाबांच्या ताटात. लोणचं आईने आजीच्याच बरणीत घातलं. त्यातली एक लहान बरणी मीटरवाल्याला गेली, त्याच्या उपासाची भरपाई म्हणून.

आता आजोबा थकलेत. अर्ध्या पोळीवर हात आडवा धरतात. परवा मी त्यांच्याच पद्धतीने बोटांच्या फटीतून भात वाढायला गेले, तर हसून म्हणाले, “पोरी, आता मला मराठीतला ताण दे. गुजरातीतला पुरे.”

मी डाव परत भांड्यात ठेवला. त्यांना कुणी काही नको म्हटलेलं कधी ऐकू आलं नाही. मला मात्र ऐकावं लागलं. अंगणात जाऊन एक लिंबू तोडून आणलं, त्याची फोड त्यांच्या वरणभातावर पिळली आणि शेजारी बसून राहिले. आजोबांनी तेवढा भात सावकाश संपवला.