दोन राजांमधलं एक घर

सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा नवऱ्याची गुवाहाटीला बदली होऊन चार महिने झाले होते. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी आणि सासरे, म्हणजे बाबा, असे दोघेच. दिवसा एक अटेंडंट बाई यायची, ती सहाला निघायची. मी मेट्रोने धावतपळत पावणेसहाला दारात. वर्षभर मी ऑफिसमधून कधी चालत निघाल्याचं मला आठवत नाही.

बाबांचा उजवा हात गेला होता आणि बोलणं अडकत होतं. शब्द आत असायचा, बाहेर यायचा नाही. आला तर एकटा यायचा, वाक्य मागे राहायचं. फिजिओथेरपिस्ट हिंदीत म्हणाले, "इनसे छोटी-छोटी चीज़ें उठवाइए. बटन, चने, कुछ भी." बाबांनी हरभऱ्यांच्या वाटीकडे पाहिलं आणि मान फिरवली. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला मी हरभरे मोजायला लावत होते.

मग मला बुद्धिबळाचा पट आठवला. बाबा चांगले खेळायचे. रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी समोरच्या पार्कात त्यांचा अड्डा असायचा. मीही कॉलेजात खेळले होते, पण लग्नानंतर कधी वेळ झाला नव्हता. मी सोंगट्या मांडल्या. पाचव्या-सहाव्या चालीला बाबांच्या कपाळावर घाम आला. एवढ्या सोंगट्यांकडे एकदम बघणं त्यांना झेपत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने सगळं बाजूला सारलं आणि तीनच सोंगट्या पटावर ठेवल्या. दोन राजे आणि माझं एक पांढरं प्यादं.

माझा राजा प्याद्याच्या बरोबर पुढे होता. त्यांचा काळा राजा त्याच उभ्या रांगेत समोर, मध्ये फक्त एक घर रिकामं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. पाळी माझी.

मला हसू आलं. माझ्याकडे एक प्यादं जास्त, त्यांच्याकडे काहीच नाही. प्यादं शेवटच्या घरात नेऊन वजीर करायचा, बस.

तीन आठवडे मला ते जमलं नाही.

मी राजा उजवीकडे सरकवला की त्यांचा राजा उजवीकडे यायचा. डावीकडे गेले की डावीकडे. मध्ये पुन्हा तेच एक रिकामं घर. वैतागून मी प्यादं पुढे ढकलायचे. ते आणखी थोडं पुढे जायचं आणि शेवटी त्यांचा राजा कडेला असा अडकायचा की त्याला हलायला जागाच नाही, पण शहही नाही. बरोबरी. रोज बरोबरी. भाकऱ्या करायच्या, औषधं द्यायची, डायपर बदलायचा आणि मग ही बरोबरी. एकदा मी पट मिटून ठेवत म्हणाले, "बाबा, हे जिंकताच येत नाही. उगाच छळताय मला."

त्यांनी पट पुन्हा उघडायला लावला. तीच मांडणी केली, अगदी तीच. आणि या वेळी पहिली चाल स्वतः केली. त्यांचा राजा बाजूला झाला. माझा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसला, आणि आठ-दहा चालींत माझ्या प्याद्याचा वजीर झाला.

मी पटाकडे बघत राहिले. सगळं तेच होतं. फक्त पाळी बदलली होती.

"ज्याची... चाल," बाबा म्हणाले. बराच वेळ गेला. "तो... हटतो."

राजे एकमेकांच्या शेजारच्या घरात जाऊ शकत नाहीत, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ आत्ता कळला. दोन राजे समोरासमोर आले की ज्याच्यावर चाल करायची वेळ येते त्याला वाट सोडावी लागते. पार्कातले लोक याला ऑपोझिशन म्हणायचे. मी तो शब्द खिडकीतून शंभरदा ऐकला असेल.

दोन दिवसांनी त्यांनी मांडणीत प्यादं एक घर मागे घेतलं. पाळी पुन्हा माझी. मी राजा हलवायला गेले, तर त्यांनी माझी बोटं धरली. मग मी प्यादं एक घर पुढे केलं. आता राजे समोरासमोर, आणि चाल त्यांची! त्यांना हटावं लागलं. प्याद्याची ती एक जास्तीची चाल हाताशी असेल तर पाळी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते. बाबा त्या दिवशी खूश होते. मी नव्हते. मला झोप येत होती.

त्याच हिवाळ्यात केंद्रीय मंत्रालयांमधल्या बुद्धिबळ स्पर्धेसाठी आमच्या संघाला एक बाई कमी पडत होती. आमचे सेक्शन ऑफिसर टेबलाशी येऊन म्हणाले, "मैडम, आप तो खेलती हैं ना? नाम भर दूँ?" नाही म्हणायला कारण शोधेपर्यंत त्यांनी नाव लिहूनही टाकलं होतं. शनिवारचा दिवस. अटेंडंट बाईला विनवून थांबवलं. बाहेर धुरकट पिवळं आकाश, हॉलमध्ये हीटर एकच, तोही लांब. सकाळपासून मी दोन डाव हरले होते आणि एक जिंकले होते. जिंकले तो समोरच्या बाईंची वेळ संपली म्हणून.

शेवटच्या फेरीत समोर हरियाणाची एक मुलगी आली. पंचवीस-सव्वीसची असेल, नुकतीच नोकरीला लागलेली. पाठ ताठ, चाली भराभर. दोन तासांनी माझ्याकडे राजा आणि एक हत्ती उरला होता, तिच्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं. आजूबाजूचे पट उठले होते. आमचे सेक्शन ऑफिसर भिंतीशी उभे होते. त्यांचा चेहराच सांगत होता, हा पट गेला.

तिने प्यादं एक घर पुढे ढकललं. सहज, काही धोका नाही म्हणून ढकलावं तसं.

मी माझा हत्ती माझ्या राजाच्या आधाराने तिच्या हत्तीसमोर आणून ठेवला. हवा तर घे. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. एक प्यादं जास्त असताना दोन्ही हत्ती पटावरून जाणं तिच्या फायद्याचं, असं तिला वाटलं असणार. तिने हत्तीने हत्ती घेतला, मी राजाने तिचा घेतला.

आणि पटावर तीनच सोंगट्या राहिल्या.

माझे हात गार पडले होते. मी ते मांडीखाली घेतले. तिचं प्यादं पुढे आलं, मी राजा मागे घेतला. तिचा राजा प्याद्याच्या शेजारी पुढे सरकला, मी माझा राजा त्याच्या बरोबर समोर आणला. मध्ये एक घर. चाल तिची. तिने प्याद्याने शह दिला, मी प्याद्यासमोर उभी राहिले. तिचा राजा प्याद्याच्या मागे आला.

आता मला हटायचं होतं. मागे तीन घरं होती. एक सरळ मागे, दोन तिरकी. तिरकं गेलं की तिचा राजा माझ्या राजासमोर येणार आणि मी संपले. सरळ मागे गेलं तर तो ज्या बाजूला येईल त्या बाजूला मी त्याच्या समोर. घरी हे एवढ्या वेळा बाबांनी माझ्याविरुद्ध केलं होतं की मला विचार करायची गरज नव्हती. तरीही मी पूर्ण तीन मिनिटं विचार केला. दमलेल्या माणसाचा स्वतःवर भरवसा नसतो.

सरळ मागे.

तिचा राजा डावीकडून पुढे आला. मी त्याच्यासमोर. तिने प्यादं ढकलून शह दिला. मी प्याद्यासमोर पटाच्या कडेला. तिचा हात राजावर गेला आणि थांबला. आता राजाने प्यादं राखलं तर मला चालच उरत नव्हती आणि डाव बरोबरीत सुटत होता. राखलं नाही तर मी प्यादं खाणार होते. तिने हात मागे घेतला.

"मैडम, ड्रॉ?" ती हळूच म्हणाली.

"हाँ, बेटा."

सह्या झाल्यावर तिने विचारलं, "आपने कहाँ सीखा?"

"घर पे," मी म्हणाले. आणखी काय सांगणार? त्या अर्ध्या गुणाने आमचा संघ पाचवा आला. सहावा आला असता.

घरी पोचले तेव्हा बाई चप्पल घालूनच बसली होती. ती गेल्यावर मी बाबांना खिमट भरवलं आणि पट काढला. दिवसभरात पहिल्यांदा मला काही सांगावंसं वाटत होतं. हत्ती समोर कसा आणला, सरळ मागे कशी गेले, सगळं दाखवलं. बाबा शेवटापर्यंत बघत राहिले. मग त्यांनी बोटाने खूण केली, मागे जा. आणखी मागे. हत्तींच्या अदलाबदलीपर्यंत.

तिथे त्यांनी तिचं प्यादं उचललं आणि एक घर मागे ठेवलं. तिने ते ढकलण्याआधी होतं तिथे. हत्ती दोन्ही काढून टाकले. मग तिचा राजा हलवून प्याद्याच्या पुढे, माझ्या राजाच्या बरोबर समोर ठेवला. मध्ये एक घर. आणि माझ्याकडे बोट केलं.

चाल माझी होती. मी राजा डावीकडे नेला, त्यांनी उजवीकडून घुसवला. मी उजवीकडे नेला, ते डावीकडून. चार वेळा खेळून पाहिलं, चारही वेळा हरले.

"म्हणजे तिने प्यादं ढकललं नसतं, तर हत्ती समोर आणणं ही माझी चूक होती?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"मी तरी आणलाच असता," मी म्हणाले. "प्यादं कुठल्या घरात आहे ते मी बघितलंच नव्हतं, बाबा. तीन सोंगट्या उरल्या की आपल्याला येतं, एवढंच डोक्यात होतं."

खरं सांगायचं तर मला राग आला. एक दिवस, एकच दिवस कौतुक केलं असतं तर काय बिघडलं असतं? मी सोंगट्या डब्यात टाकू लागले. बाबांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"सरळ... मागे," ते म्हणाले. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "ते... छान."

मी तिथेच, पलंगाच्या कडेला, बसून राहिले. आत कुकर लावायचा होता, नवऱ्याचा फोन येऊन गेला होता, तो परत करायचा होता. उठवत नव्हतं.

होळीनंतर बाबांनी पहिल्यांदा सगळ्या बत्तीस सोंगट्या मांडायला लावल्या. अठराव्या चालीपर्यंत खेळले, माझा एक घोडाही मारला. मग बसल्या जागी त्यांचा डोळा लागला. मी पट तसाच राहू दिला आणि पंख्याचा वेग एकने कमी केला.