चलनबाईंचा हिरवा रंग

बाईंनी इस्पितळाच्या भांडारात तेहतीस वर्षं नोकरी केली आणि तिथे त्यांना पाठीमागे सगळे चलनबाई म्हणत. त्याला कारण होतं. पुरवठादाराचा माणूस चलन, म्हणजे माल पाठवल्याचा कागद, दाखवून सही मागायचा आणि बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "चलन म्हणजे माल नव्हे. माल फळीवर येऊ दे, मोजू दे, मग सही." एकदा ऑपरेशनच्या हातमोज्यांची पेटी त्यांनी मोजल्याशिवाय सोडली नाही आणि मोठे डॉक्टर दारात तिष्ठत उभे राहिले. पेटीत दोन जोड कमी निघाले. त्या दोन जोडांवर बाई पुढची वीस वर्षं जगल्या.

निवृत्तीनंतर भांडार गेलं, संशय घरी आला. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. घरात बाई आणि सून. बाईंची पेन्शन, मुलाचा पगार आणि सुनेच्या शिवणाचे पैसे एकाच खात्यात जमा होत, आणि त्या खात्यावर बाईंची नजर असे. त्यांनी संगणकावर तक्ता केला होता: तारीख, कोणाला दिले, किती, परतावा कधी कबूल केला, आला की नाही. कबूल तारीख उलटून गेली आणि "आला" लिहिलेलं नसलं की ओळ लाल व्हायची. "आला" लिहिलं की हिरवी. नातेवाईक हसत, पण वीजकंपनीने दोनदा घेतलेलं बिल याच तक्त्याने परत आणलं होतं, त्यामुळे हसणारे जरा जपूनच हसत.

त्या महिनाअखेरीला तक्ता जुळेना. चौदा हजार दोनशे कमी. बाईंनी तीनदा बेरीज केली, चहा गार झाला, चौथ्यांदा केली. तेवढाच फरक. आणि चौदा हजार दोनशे ही रक्कम त्यांना तोंडपाठ होती. सुनेने मागवलेल्या शिवणयंत्राची ती किंमत होती. यंत्र आलं ते मोडकं, दुसऱ्याच दिवशी परत गेलं. दुकानाचा निरोप आला, परतावा केला आहे. बाई काही निरोपावर भुलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी त्याच दिवशी बँकेतली शिल्लक पाहिली, ती आदल्या दिवसापेक्षा बरोबर चौदा हजार दोनशेने वाढलेली होती. तेव्हाच कुठे ओळ हिरवी केली.

म्हणजे पैसे आले होते. आणि आता नव्हते. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"यंत्राचे पैसे आले ना गं?" त्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"नाही आई. मी रोज वाट बघतेय. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर पंधरा तारखेपर्यंत घ्यायची आहे, यंत्राशिवाय कशी घेऊ?"

"पण माझ्या तक्त्यात आलेत."

सुनेने मान खाली घातली. "तक्त्यात आले असतील," एवढंच म्हणाली आणि फोन उलटा करून ठेवला.

तो उलटा फोन बाईंना रात्रभर टोचला. सरळ माणूस फोन कशाला उलटा ठेवेल? आठवडाभर त्या डोळ्यांत तेल घालून बसल्या. सून दारात कुणाशी बोलते, पर्स कुठे ठेवते, माहेरी किती वेळा फोन करते, सगळं मोजलं. शेवटी मुलाला फोन लावला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अरे, हिच्या माहेरी कुणाला पैशांची नड आहे का?"

"आई, हे तू मला विचारू नकोस," मुलगा म्हणाला आणि फोन ठेवला. पण बायकोला मात्र त्याने सांगितलं, कारण नवरे हे सांगतातच.

संध्याकाळी सून आली, फोन टेबलावर ठेवला, उघडलेला. शेजारी तिचं स्वतःचं जुनं पासबुक. "बघा," म्हणाली आणि समोर बसली.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. बाईंनी चष्मा लावला. पासबुकात काही नव्हतं. फोनवर बँकेचे निरोप होते, आणि यंत्र घेतलं त्या दिवशीचे दोन होते. दोन्ही चौदा हजार दोनशेचे, मध्ये चार मिनिटांचं अंतर.

"हे दोन का?"

"पैसे भरताना फोनची स्क्रीन अडकली. मला वाटलं गेले नाहीत, म्हणून परत दाबलं." सून म्हणाली. "तुम्ही बोलाल म्हणून सांगितलं नाही. पहिले नुसते अडकून पडले होते, आठवड्याने आपोआप सुटले."

"कोणत्या दिवशी सुटले?"

सुनेने दाखवलं. बाईंनी हिरव्या ओळीतली तारीख पाहिली. तोच दिवस.

त्यांनी बँकेचा उतारा उघडला आणि आतापर्यंत जे केलं नव्हतं ते केलं: शिल्लक सोडून ओळी वाचल्या. यंत्राचे पैसे गेल्याची एक ओळ होती. आल्याची एकही नव्हती. अडकलेली रक्कम खात्यातून कधी गेलीच नव्हती, बँकेने ती फक्त बाजूला धरून ठेवली होती. सोडली तेव्हा शिल्लक फुगली, पण जमेची ओळ कशी पडणार? आणि खरा परतावा, ज्याची ओळ पडायलाच हवी, तो आलाच नव्हता. तेहतीस वर्षं चलन म्हणजे माल नव्हे म्हणून जगाला शिकवणाऱ्या बाईंनी भलत्याच पेटीवर सही ठोकली होती. त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली.

त्यांनी हिरवा रंग पुसला. ओळ तत्काळ लाल झाली, वीस दिवस उशीर. मग दोघींनी तक्ता नव्याने बांधला. जितक्या वेळा दाबलं तितक्या ओळी. अडकलेली रक्कम "सुटली" असं लिहून बंद करायची, तिची जमा शोधायची नाही. परतावा मात्र जमेची ओळ आणि संदर्भ क्रमांक लिहिल्याशिवाय बंदच होणार नाही.

दुकानाला फोन सुनेने केला. "परतावा केलाय," पलीकडचा माणूस म्हणाला. "संदर्भ क्रमांक द्या," सून म्हणाली. तो शोधत राहिला, आणि शेवटी कबूल झाला की पाठवणं फसलं होतं, पुन्हा कुणी पाठवलंच नव्हतं. पाचव्या दिवशी जमेची ओळ पडली. चौदा तारखेला नवं यंत्र आलं आणि गणवेश वाचले.

"माझं चुकलं गं," बाई म्हणाल्या.

"ठीक आहे, आई," सून म्हणाली.

बाईंना ते कळलं. ठीक आहे हा नुसता निरोप होता. त्यानंतर सून रोज रात्री फोन टेबलावर ठेवायची, उघडून, पासबुकासकट, आणि एक शब्द न बोलता झोपायला जायची. बाई तो न बघता उलटा करून ठेवायच्या. सकाळी पुन्हा तेच. दीड महिना हे चाललं, आणि बाईंनी एकदाही पैशांबद्दल विचारलं नाही.

मग एका दुपारी यंत्राचा आवाज थांबला. सून दारात आली, हातात फोन, चेहरा पडलेला.

"आई, दोऱ्यांचे पैसे माझ्याकडून दोनदा दाबले गेले."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, डोळे भरून आले होते. त्यांनी खुर्ची जराशी सरकवून तिला जागा केली आणि तक्त्यात दोन ओळी लिहिल्या.

त्या रात्री टेबलावर फोन नव्हता.