तिसऱ्या थरातली बाई

आमच्या घरात आईचा तरुणपणीचा एकच फोटो आहे, आणि तो खरं तर म्हशीचा आहे.

म्हशीनं जनावरांच्या प्रदर्शनात पहिला नंबर काढला होता. वडिलांनी, म्हणजे आबांनी, गावात फोटोग्राफर बोलावला. म्हैस धुतली, तेलानं चोळली आणि गोठ्यासमोर उभी केली. आबा फेटा बांधून कासरा धरून उभे राहिले. माझा धाकटा भाऊ म्हशीच्या पाठीवर बसला. मी फोटोग्राफरच्या मागं उभी होते, म्हणून मी फोटोत नाही. आई धार काढून बादली घेऊन गोठ्याच्या दारात आली, तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "बाई, जरा मागं सरा." आबा खेकसले, "तू कशाला आलीस मधी? हो आत." ती वळली, आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं. म्हणून ती फोटोत आहे ती अशी: दाराच्या सावलीत, अर्धी वळलेली, हललेली. तोंडाच्या जागी नुसता पुसट डाग. आई गेली तेव्हा हार घालायला फोटो मिळेना, म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यातली बाई थकलेली आणि घाबरलेली आहे.

माझं कोल्हापुरात फ्रेमचं दुकान आहे. अलीकडं लोक नुसता फोटो फ्रेम करून नेत नाहीत. कुणाला फोटोचं कागद कापून केलेलं थरांचं चित्र हवं असतं, कुणाला भरतकामासारखं, कुणाला मातीच्या उठावासारखं. आधी मी फोटो मोबाईलवरच्या ॲपला देते आणि काय हवं ते लिहून सांगते. 'याचं कागदाचं चित्र कर' एवढंच लिहिलं, तर ते तोच फोटो जरा खरखरीत करून परत देतं. साहित्य सांगावं लागतं. जाड कार्डशीट, प्रत्येक थर एकाच रंगाचा, कडा सुरीनं कापल्यासारख्या, उजेड डावीकडून वरून, प्रत्येक थराची सावली मागच्या थरावर. आणि मुख्य म्हणजे खोली सांगावी लागते: सगळ्यात पुढं काय, त्याच्या मागं काय, शेवटी काय. एवढं करूनही हातात येतं ते एकच सपाट चित्र. त्यातल्या सावल्याही रंगवलेल्याच. ते समोर ठेवून एकेका थराची रेषा मी कॉम्प्युटरवर वेगळी काढते, सुटे पडणारे तुकडे कुठंतरी जोडून घेते, मशीनवर कापते आणि मधे फोमच्या पट्ट्या देऊन खोल फ्रेममध्ये बसवते.

भावाचं शिरोली एमआयडीसीत वर्कशॉप आहे. त्यानं बंगला बांधला, वास्तुशांत ठरली आणि त्याचा फोन आला.

"ताई, हॉलमधी मोठ्ठी भिंत सोडलीया. आबांचा आन म्हशीचा त्यो फोटो हाय न्हवं? त्याचं तुझं ते कागदाचं कर की. आबा खूष हुतील."

मला आनंद झाला. एवढ्या वर्षांत भावानं माझ्या कामाचं काही मागितलं नव्हतं.

मी ॲपला लिहिलं, पहिल्या थरात म्हैस, दुसऱ्यात फेटेवाला माणूस आणि पाठीवरचा मुलगा, मागं गोठ्याची भिंत आणि दार. चित्र झकास आलं. फक्त म्हशीची शिंगं कुठल्यातरी जंगली रेड्यासारखी वर वळली होती. आमच्या म्हशीची लांब, मागं खांद्यापर्यंत गेलेली. तसं लिहिल्यावर तीही जमली. मग दाराकडं लक्ष गेलं. दार रिकामं होतं. आई दाराच्या सावलीत जमा झाली होती. मी ॲपला तिच्याबद्दल सांगितलंच नव्हतं, आणि न सांगता तिला बाई म्हणून ओळखावं इतकं त्या फोटोत काही नव्हतं.

मी परत लिहिलं. तिसऱ्या थरात, दारात, बादली घेतलेली बाई. या खेपेला बाई आली. गोरी, नाकात नथ, हातात पितळेची कळशी, आणि थेट कॅमेऱ्याकडं बघून हसणारी. जिथं फोटोत काही नसतं तिथं ते आपल्या मनानं भरतं, हे मला गिऱ्हाइकांच्या कामावरून माहीत होतं. पण ते आईच्या जागी भरलेलं बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईच्या नाकात मी जन्मात नथ बघितली नाही. ती विकून तर म्हैस घेतली होती.

साहित्य बदलून बघावं म्हणून भरतकाम करायला सांगितलं. रेशमी दोरा, भरीव टाका, दोऱ्याची दिशा अंगाच्या वळणानं, मागं कापडाचा पोत. टाके सुंदर आले, पण बाईच्या लुगड्याला जरीचा काठही आला. शेवटी माती सांगितली. पाटावर थापलेली ओली शाडू, बोटाचे ठसे दिसणारे, बाईचा उठाव सगळ्यात कमी, जवळजवळ पाठीमागच्या भिंतीत मिसळलेला, नाकडोळे कोरलेले नाहीत, फक्त अंगाचा घाट, बादलीच्या बाजूचा खांदा खाली गेलेला.

आणि आई आली. तोंड नव्हतं, पण ओझं घेऊन वळताना तिचा खांदा जसा पडायचा तसाच पडला होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि तिथंच रडून घेतलं.

त्या मातीच्या चित्रावरून मी तिची रेषा उचलली आणि कागदाच्या तिसऱ्या थरात बसवली. दारापेक्षा जरा फिकट रंगाचा कागद घेतला, म्हणजे ती नीट दिसावी. तिच्या मागं पट्ट्यांचा जादा थर दिला, म्हणजे भिंतीवर तिची खरी सावली पडावी.

भाऊ आबांना गाडीत घालून दुकानात घेऊन आला. आबांना स्टुलावर बसवलं, फ्रेम टेबलावर उभी केली. आबा पुढं वाकले. बराच वेळ म्हशीकडं बघत राहिले.

"शिंगं बरूबर काढलीस," ते म्हणाले. "कास जरा लहान झालीया. फेटा ब्येस हाय." मग दाराकडं बोट करून म्हणाले, "ह्ये मागं काय? पोतं ठेवलंया व्हय?"

मी म्हणाले, "आबा, आई हाय ती."

"तुझी आई? ती कुठं हुती तिथं?"

"फोटोत हाय की. बादली घिऊन आलती. तुम्हीच तिला आत हो म्हणालासा."

आबांनी मान हलवली. "न्हाय बा. मला न्हाय आठवत." आणि परत म्हशीकडं वळले.

भाऊ मोबाईलवर फ्रेमचा फोटो काढत होता. तो म्हणाला, "ताई, खरं सांगू? ते मागचं जरा घाण दिसतंय. तोंड न्हाई, काय न्हाई. लोकं इचारतील, ह्ये भूत कुठलं म्हणून. तेवढं काढ. म्हस आणखी पुढं घे."

"ती आई हाय."

"आईचा फोटो देवघराजवळ लावलाय की मोठा. हितं आबांचा इषय हाय."

मी काढणार नाही म्हणाले. तो म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे मग," आणि आबांना उठवून घेऊन गेला. जाताना चिडला नाही, भांडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

वास्तुशांतीला गेले तेव्हा भिंत भरलेली होती. भावाच्या मेहुण्यानं मोबाईलवरच तो फोटो मातीचा करून दिला होता आणि कॅनव्हासवर मोठा छापून आणला होता. मेहुणा ज्याला त्याला सांगत होता, "काय न्हाई ओ, मी फक्त लिवलं, मातीचं शिल्प कर, म्हशीला लई उठाव दे, आन मागची पुसट आकृती काढून टाक. लगीच दिलं." आकृती गेली होती. दारात तिच्या जागी झेंडूचं तोरण आणि कोपऱ्यात तुळस आली होती. गोठ्याच्या दाराला तोरण. आबांचा चेहराही आबांचा नव्हता, एखाद्या सिनेमातल्या पाटलाचा होता. मिशा जाड, छाती रुंद. म्हशीची शिंगं परत वर वळली होती.

पाहुणे चपला काढून आत आले की आधी भिंतीसमोर थांबायचे. "हुबेहूब आबा!" म्हणायचे. आबा सोफ्यावर बसून हात जोडायचे. मला वाटलं, निदान शिंगांबद्दल तरी ते बोलतील. नाही बोलले. त्यांना ती छाती आवडली होती.

जेवायला बसायच्या आधी हातकणंगल्याची मावशी आली. आईची सख्खी धाकटी बहीण. ती भिंतीसमोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आरं, हिथं आक्का हुती की! दारात हुती. फोटोत मी बघितलिया."

भाऊ हसत म्हणाला, "मावशी, ती हललेली हुती. नीट आलती कुठं? म्हणून काढली."

मावशी भिंतीपासून वळली. पानावर बसली, दोन घास खाल्ले आणि गुडघे दुखतात म्हणून उठली.

मी ठरवलं, माझी फ्रेम मावशीला द्यायची. घरात आईला ओळखणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. पुढच्या आठवड्यात दुकान बंद ठेवून हातकणंगल्याला गेले. मावशीनं चहा टाकला, फ्रेम मांडीवर घेतली, पदरानं काच पुसली. दारातल्या बाईवर बोट ठेवलं.

"खांदा तिचा हाय," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. मग ती म्हणाली, "पर तोंड कुठाय?"

"फोटोत न्हाई मावशी. त्यात डागच हाय."

"फोटोत न्हाई, त्ये कळलं. तू लेक न्हवं तिची? आठवून घालायचंस की."

मी तिला सांगायला लागले की न दिसणारं तोंड घातलं की ते खोटं होतं, ॲपनं कसली बाई आणली होती, कळशी कशी दिली होती. मावशी ऐकत होती, पण तिला ते पटत नव्हतं. तिनं विचारलं, "भुवया कशा हुत्या तिच्या?"

मी डोळे मिटले. मला आईचे हात दिसले, बादलीच्या कडीनं तळहाताला पडलेली खूण दिसली. चेहरा म्हणून जो आला तो आधार कार्डावरचा होता. थकलेला, घाबरलेला. त्याच्या आधीचं काही नव्हतं.

"जुळलेल्या हुत्या," मावशी म्हणाली. "मधी बारका तीळ हुता. तुला एवढं बी ठावं न्हाई?"

तिनं फ्रेम माझ्या मांडीवर परत ठेवली. "बिनतोंडाचं माणूस भिंतीला लावत न्हाईत गं. घिऊन जा. न्हाईतर कपाटात ठेवती, पर लावणार न्हाई."

मी ती घेऊन आले. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "कसली फ्रेम ओ?" मी म्हणाले, म्हशीची.