कापलेले तीन रविवार

गोंदियाच्या तहसील कचेरीसमोर निंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या भोजराज टेंभरे यांना जगात फारसे काही आवडत नसे. शाईत पाणी मिसळून विकणारा दुकानदार आवडत नसे, अर्ज न वाचताच त्यावर चहाचा पेला ठेवणारे कारकून आवडत नसत, आणि 'विनंती'तला 'वि' दीर्घ लिहिणारे मास्तर तर मुळीच आवडत नसत. वय सत्तेचाळीस. शिक्षण नागपुरास इंटरपर्यंत, त्यात दोन वर्षे लॅटिन. त्या लॅटिनचा अभिमान एवढा की, नव्वद टक्के पक्षकारांना सहीसुद्धा करता येत नसताना त्यांच्या अर्जांत ते एखादा लॅटिन शब्द घातल्यावाचून राहत नसत.

१९५६ च्या जानेवारीअखेर त्यांना मनिरामचे पाकीट आले. मनिराम हा त्यांचा जुना सोबती. एका भातगिरणीच्या कचेरीत दोघांनी शेजारी-शेजारी बसून काम केलेले. भोजराज तेथून सहा वर्षांपूर्वी बाहेर पडले. मनिराम धान्याच्या काट्यावर बाबू म्हणून राहिला, तो याच महिन्याच्या सतरा तारखेपर्यंत. आता सालेकशाला जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर त्याला कारकुनी मिळाली होती. पाकिटात गिरणीची शेवटची पगारचिठ्ठी होती, आणि मनिरामचे पत्र.

"भोजराजजी, आठ वरीस मी त्या काट्यावर काम केलो. एक दिवस उशीर नाही का खाडा नाही. अन् जाता जाता शेठनं मले उमेदवार करून टाकलं. चिठ्ठीवर पाहा, प्रो राटा लिवलं आहे. प्रो म्हणजे प्रोबेशन, इतकं मलेही समजते. राटा म्हणजे रेट, टायपिस्टनं अक्षर चुकवलं. म्हणून तर त्र्याण्णवचा पगार अन् हातात बेचाळीस. इथचा साहेब म्हणते, पाच तारखेच्या आत शेवटची चिठ्ठी दाखव, तवा जुनी नोकरी धरून पगार लावतो. हे दाखवलो तर तो म्हणन, आठ वरीस कच्चाच होता का बे? मी येऊन शेठच्या तोंडावर चिठ्ठी फेकतो. तुमी सांगा, काऊन असं केलं त्यानं?"

भोजराजांनी पत्र दोनदा वाचले आणि तोंड वाकडे केले. चुलीपाशी बसलेल्या पत्नीला, शामकलाबाईंना, ते म्हणाले, "आठ वर्षे इंग्रजी पावत्या हाताळल्या, आणि प्रो राटाला प्रोबेशन समजतो. या माणसांना शिकवावे तरी किती?"

"त्याले कोण शिकवलं होतं?" शामकलाबाईंनी वर न पाहता विचारले. "लॅटिन त तुमालेच येते. बाकीच्याईले भात येते."

या खोचक उत्तराकडे दुर्लक्ष करून भोजराजांनी दौत पुढे ओढली आणि उत्तर लिहावयास घेतले. लिहिताना त्यांची भाषा नेहमीच उंच आसनावर बसे.

"प्रिय मनिराम यास सप्रेम नमस्कार. तुझा ग्रह सर्वस्वी चुकीचा आहे. प्रो राटा हे दोन लॅटिन शब्द असून त्यांचा अर्थ 'हिश्शाच्या प्रमाणात' एवढाच. त्यात शिक्षा नाही, दंड नाही, आणि उमेदवारीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुम्ही कोहळी लोक, तुमच्या आज्या-पणज्यांनी तलाव बांधले, तेव्हा तुला हे पाण्याच्या पाळीवरून समजेल. ज्याचे वावर दोन एकर त्यास दोन एकरांचे पाणी, ज्याचे एक त्यास एकाचे. एक एकरवाल्यास निम्मे पाणी मिळाले म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. तसेच पगाराचे. तू महिना पुरा केला नाहीस, म्हणून पुरा पगार नाही. जितके दिवस नोकरीवर होतास तितक्या दिवसांचा. जानेवारीचे दिवस एकतीस, तुझा पगार त्र्याण्णव, म्हणजे दर दिवसास बरोबर तीन रुपये. तू सतरा तारखेपर्यंत नोकरीवर होतास. शेवटचा दिवस धरून सतरा दिवस. सतरा त्रिक एक्कावन्न. म्हणून तुला रुपये"

येथे आकडा उतरवून घेण्यासाठी त्यांनी चिठ्ठी उचलली. चिठ्ठीवर बेचाळीस होते. पत्रात मनिरामनेही बेचाळीसच लिहिले होते. परंतु त्याची चूक दाखवण्याच्या भरात भोजराजांनी तो आकडा नीट पाहिलाच नव्हता. आता त्यांनी बारीक छापलेला अपूर्णांक पाहिला. चौदा भागिले एकतीस.

चौदा. सतरातून पहिली, आठवी आणि पंधरावी तारीख गेली की चौदा. तिन्ही रविवार.

त्यांनी टाक खाली ठेवला. कारण तो अपूर्णांक त्यांच्या ओळखीचा होता.

दहा वर्षांपूर्वी ते त्याच गिरणीत मुख्य कारकून असताना शेठजींनी त्यांना बोलावून विचारले होते, "बाबूजी, बीच महीने में छोड़ने वालों का कुछ पक्का हिसाब बनाओ।" भोजराजांनी दोन पद्धती मांडल्या. एक, महिन्याच्या सगळ्या दिवसांनी भागावे आणि रविवार धरून दिवस मोजावे. दुसरी, रविवार वगळून फक्त कामाच्या दिवसांनी भागावे आणि मोजतानाही कामाचेच दिवस धरावे. दोन्हींत माणसाच्या पदरी जवळपास सारखेच पडते. शेठजी म्हणाले, "भाग देने का पहला वाला लो, गिनने का दूसरा वाला।" भोजराजांना त्यातली लबाडी त्याच क्षणी समजली होती. नागपुरात दोन वर्षे काढलेल्या माणसास ती न समजण्यासारखी नव्हती. तरी त्यांनी तो हिशेब हुकूम म्हणून लिहिला, त्यावर 'प्रो राटा' हे भारदस्त नाव घातले, खाली सही केली. पुढच्या महिन्यापासून त्यांचा पगार पाच रुपयांनी वाढला.

आणि स्वतः नोकरी सोडली ती मात्र एकतीस तारखेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गिरणीत गेले. कोंड्याची धूळ पूर्वीसारखीच उडत होती आणि भिंतीवर तोच पिवळा पडलेला गणपती होता. त्यांच्या जुन्या खुर्चीवर आता देवचंद बसत असे. पानाने रंगलेले ओठ, कानावर पेन्सिल.

"अरे, टेंभरे बाबू! किधर रास्ता भूले?"

"मनिरामच्या चिठ्ठीत नऊ रुपये कमी आहेत," भोजराज उभ्यानेच म्हणाले. "एकतिसांनी भागायचे असेल तर सतरा दिवस मोजा. चौदा मोजायचे असतील तर कामाच्या सव्वीस दिवसांनी भागा; मग पन्नास रुपये आणि वर आणा-सव्वा आणा होतात. एकाची विळी आणि दुसऱ्याचा पाट, हा कसला हिशेब?"

देवचंदने पेन्सिल कानावरून काढली, टेबलाचा खण उघडला आणि एक मळका कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला बाहेर काढला. "बाबूजी, मी कायले बदलू? आम्ही त शिस्तीनं चालतो. हे पाहा. 'भागाकार महिन्याच्या सर्व दिवसांनी. गणनेत रविवार वजा.' अक्षर किती सुंदर आहे! खाली सही कोणाची, वाचून दाखवू?"

कोपऱ्यातला दुसरा कारकून खुदकन हसला.

"चूक होती ती," भोजराज म्हणाले.

"चूक? दहा वर्सं चालून राहिली, बाबूजी. किती जणाईच्या चिठ्ठ्या त तुमीच काढल्या. केवलराम फिटरची आठवते? त्याची बायको दारात रडत होती, तवा तुमी म्हटलं, बाई, हा लॅटिन हिशेब आहे, तुला समजणार नाही." देवचंदने पुठ्ठा पुन्हा खणात सरकवला. "मनिरामले सांगा, पूर्ण हिशेब पावला अशी सही करून पावती धाडून दे. शेठजी वाट पाहून राहिले."

केवलरामच्या बायकोचा चेहरा भोजराजांना खरेच आठवला. तोपर्यंत त्यांना वाटत होते की, या गावात घाण वाटावी अशी माणसे दुसरीच आहेत.

घरी येऊन त्यांनी कालचे पत्र फाडले नाही. जेथे रुपयांपाशी वाक्य थांबले होते, तेथूनच पुढे लिहिले.

"एक्कावन्न मिळावयास हवे होते, मिळाले बेचाळीस. बाकीचे नऊ तुझे तीन रविवार आहेत. महिन्याच्या पगारात रविवारही येतो, म्हणूनच एकतिसांनी भागले. मग मोजताना तो टाकता येत नाही. चिठ्ठी साहेबास निर्धास्त दाखव. तीत तुझा महिन्याचा पुरा पगार त्र्याण्णव असा वेगळा छापला आहे आणि नेमणुकीची तारीखही आहे. उमेदवारीचा शब्द कोठे नाही. मात्र पूर्ण हिशेब पावल्याच्या कागदावर सही करू नकोस. पगाराच्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. अर्ज सोबत लिहून पाठवला आहे. माझी फी नाही. हा हिशेब गिरणीत कोणी बसवला, हे अर्जाच्या पाचव्या कलमात लिहिले आहे. साक्षीदार म्हणून त्याचे नाव व सही खाली आहे. ती वाचून मगच तुझी सही कर."

अर्ज त्यांनी साध्या मराठीत लिहिला. त्यात लॅटिन एकही शब्द नव्हता.

शामकलाबाईंनी पाकिटाला खळ लावताना पाचवे कलम वाचले. पाकीट बंद करून त्या चुलीकडे वळल्या. आणि भोजराजांना त्यांच्या टोमण्याची इतकी गरज कधीच वाटली नव्हती.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मनिरामचे कार्ड आले.

"साहेबानं चिठ्ठी पाहून जुनी नोकरी धरली. अर्ज दाखल केलो. नोटीस जाताच शेठनं नऊ रुपये मनिऑर्डरनं धाडले, पण मनिऑर्डरचं कमिशन त्यातूनच कापलं. इथं सगळे हसून राहिले. मले हसू नाही आलं. भोजराजजी, पाचवं कलम वाचलो, तुमी केवलरामचं नावही त्यात लिवलं. केवलरामचा पत्ता धाडून राहिलो. तो आता आमगावले राहते. त्याचे सहा महिने कवाच सरले, कायद्यानं त्याले काही भेटणार नाही. पण तुमी त्याले पत्र लिवा, अन् सांगा तो हिशेब काय होता. या बारी त्याच्या बायकोले समजन असं लिवा."

भोजराजांनी कार्ड खाली ठेवले. समोर निंबाच्या सावलीत दोन पक्षकार वाट पाहत उभे होते. त्यांना त्यांनी हाताने थांबवले, कोरा कागद घेतला आणि वर लिहिले, "केवलराम यास." त्यापुढे 'सप्रेम' लिहावे की नाही, याचा विचार करीत ते बराच वेळ टाक हातात धरून बसले.