नाग म्हणजे साप न्हाई

दुष्काळामुळं त्या साली कडा गावच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरूच झाला नव्हता. प्रयोगशाळेतले केमिस्ट राधाकिशन रोज कामावर येत आणि रिकामे बसून परत जात. अशात जर्मनीतून धाकट्या बहिणीनं, केसरनं, गोळ्यांच्या डबीच्या लेबलचा फोटो पाठवला. गुडघेदुखीच्या या गोळ्या दिवाळीत ती गावी आली तेव्हा त्यांनीच तिला दिल्या होत्या. आता तिचं पोट सारखं दुखत होतं, आणि तिथल्या डॉक्टरला डबीतला एकेक घटक हवा होता.

"दादा, मोबाईलनं 'सापाची राख' असं भाषांतर केलं. डॉक्टर बघतच राहिला."

राधाकिशन कपाळाला हात लावून बसले. लेबलवर 'नाग भस्म' होतं. आयुर्वेदात नाग म्हणजे शिसं. मोबाईलनं पिप्पलीचंही पिंपळाचं झाड करून टाकलं होतं. ती तर मिरीच्या जातीची पिंपळी. त्यांनी इंग्रजीत यादी केली: पिप्पली, खात्रीनं. नाग भस्म, शिशाचं भस्म, खात्रीनं. वंग भस्म, कथलाचं. अन् गाडी 'रास्ने'पाशी अडली.

गावातले वैद्य म्हणाले, "उत्तरेत एक वनस्पती रास्ना म्हणून वापरतात, दक्षिणेत दुसरीच. या कंपनीनं कोणती घातली, ते तिलाच ठाऊक."

लेबलवर लॅटिन नाव नव्हतं. कंपनीला चार दिवस फोन केला, कुणी उचलेना, उचलला तर "मेल करा." त्यांनी दोन्ही वनस्पतींची नावं लिहिली, पुढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि यादी पाठवली.

केसर चिडली. "एक काय ते लिव की! डॉक्टर म्हणंल, भाऊ केमिस्ट हाय अन् त्याला ठाव न्हाई."

"ठाव न्हाईच मला. खोटं कावून लिवू? ते राहू दे. शिशाच्या ओळीखाली रेघ मारलीय, ती आधी दाखव."

आठवड्यानं तिचा फोन आला. रक्तात शिसं जास्त निघालं होतं. गोळ्या बंद, उपचार सुरू. ती रागावली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. बाटल्यांतल्या रसायनांची नावं वाचण्यात उभी हयात गेली, आणि बहिणीला द्यायची डबी त्यांनी वाचली नव्हती.

जिथून गोळ्या घेतल्या होत्या, त्या धुळाजीच्या दुकानी ते तडक गेले. धुळाजी म्हणाला, "लेबलावर छापलंय की साहेब, मी काय लपिवलं? बारीक अक्षरात लिवलंय, वैद्याच्या सल्ल्यानं घ्यावं."

"ते वाचतं कोण? आणि वाचलं तरी कळतं कुणाला?"

"मग कंपनीला इचारा."

तेवढ्यात दगडाबाई नावाची ऊसतोड करणारी म्हातारी रिकामी डबी घेऊन आली. राधाकिशननी तिला बाजूला घेऊन समजावलं, यात शिसं हाय, सल्ल्याबिगर घेऊ नका, आधी रक्त तपासून घ्या.

तिनं शांतपणे ऐकलं. मग गुडघा दाबत विचारलं, "मग बाबा, ह्याला काय घेऊ?"

धुळाजीनं नवी डबी गल्ल्याशेजारी ठेवली होती. म्हातारी कधी डबीकडं, कधी राधाकिशनकडं बघत तिथंच उभी राहिली.