म्हशीला पाणी

कार्ल्याच्या घरात जानूआबा आता एकटेच राहतात. दर दोन महिन्यांनी ते इन्व्हर्टर बंद करून प्लग काढतात, मग बॅटरीची आधी काळी वायर सोडवतात, नंतर लाल. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर सोड्याच्या गरम पाण्यानं घासतात, कोरडा पुसतात, वायरी आवळून वर व्हॅसलिन लावतात. शेवटी झाकणं उघडून तरंगता दांडा हिरव्या खुणेला येईतो प्रत्येक खान्यात डिस्टिल्ड वॉटर ओततात. एकदा शेजाऱ्यानं नळाचं पाणी आणून दिलं, तर आबा खेकसलेच, "मारतोस व्हय तिला?"

सगळं उरकलं की तळेगावला लेकीला, अमृताला फोन. "म्हशीला पाणी पाजलं बरं का." बॅटरीला ते म्हैसच म्हणतात. एरवी कामात गुंतलेल्या लेकीला फोन करायला त्यांना कारण सापडत नाही.

या वेळी अमृता हसली. "सात वर्षं टिकवलीत, आबा! आता पाणी न लागणारी नवी आणते. कटकटच नको."

 आबा घाईघाईनं म्हणाले, "नगं, नगं. हिला तहान लागती, तेच बरंय."